कागदावरचा भाव

गावच्या पाझर तलावासाठी आमची वडिलोपार्जित एक एकर जमीन सरकारने घेतली, तेव्हा तिची किंमत कोण आणि कशी ठरवितो याविषयी आम्ही पूर्ण अज्ञानी होतो. आमची अशी समजूत होती की, कोणी अनुभवी अधिकारी शेतात येईल, मातीचा डेखळा हातांत घेईल, विहिरीत डोकावेल आणि मग आकडा सांगेल. अधिकारी आले खरे. परंतु विहीर नि आंबे मोजून झाल्यावर त्यांनी जमिनीकडे फारसे पाहिले नाही. आम्ही भावाविषयी विचारताच ते हसून म्हणाले, “काका, भाव मी ठरवीत नाही. तो तुम्ही गावकऱ्यांनीच ठरवून ठेवलेला आहे. मी फक्त बेरीज करतो.”

या वाक्याचा अर्थ निवाडा हाती आल्यावर आम्हांस उमगला. 2014 सालापासून अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे बाजारभाव काढण्याची रीत अशी आहे. संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघण्यापूर्वीच्या 3 वर्षांत गावात व आसपास तशाच प्रतीच्या जमिनीची जी खरेदीखते नोंदली गेली, ती उतरत्या भावाने लावावयाची आणि वरच्या निम्म्यांची सरासरी काढावयाची. ही सरासरी आणि मुद्रांकासाठी सरकारने ठरविलेला रेडी रेकनरचा दर, यांत जो अधिक तो बाजारभाव.

आमच्या वेळी अशी 4 खते निघाली. गुंठ्याचे भाव अनुक्रमे 34, 30, 24 व 22 हजार. शेवटचा आकडा रेडी रेकनरच्या दराशी तंतोतंत जुळणारा होता. त्यावरून लिहिणाराच्या मनात काय होते ते दिसतेच! वरच्या दोहोंची सरासरी 32 हजार, म्हणजे 40 गुंठ्यांचे 12 लाख 80 हजार. ग्रामीण भागात या रकमेस राज्याने ठरविलेल्या, 1 ते 2 यांमधील गुणकाने गुणतात. आम्हांस 2 लागला, तेव्हा 25 लाख 60 हजार झाले. विहीर व झाडे यांचे 1 लाख 80 हजार त्यांत मिळविले आणि त्या सगळ्या बेरजेइतकीच दिलासा रक्कम वर चढली. एकूण 54 लाख 80 हजार. याखेरीज मूळ बाजारभावावर दर साल 12 टक्के निराळे.

आकडा लहान नव्हे, हे आम्ही मान्य करतो. 1894 च्या जुन्या कायद्यात हा गुणक नव्हता. सक्तीबद्दल प्रथम 15 आणि 1984 नंतर 30 टक्के एवढीच भर मिळे. मालकास जमीन सोडण्याची इच्छा नव्हती, ही गोष्ट किंमत ठरविताना विचारात घेऊ नये, असेही त्या कायद्याने स्पष्ट बजावले होते.

परंतु आमची झोप उडाली ती त्या यादीतील 30 हजारांच्या खतामुळे. ते आमचेच होते! दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शेतकऱ्यास आम्ही 20 गुंठे विकले होते, ते गुंठ्याला 50 हजार या भावाने. “कागदावर तीसच दाखवू, मुद्रांक वाचेल,” असे तो म्हणाला आणि सगळेच करतात म्हणून आम्हीही सही ठोकली. त्यात वाचले ते त्याचे काही हजार रुपये. खरा भाव लिहिला असता, तर वरच्या दोन खतांची सरासरी 42 हजार आली असती. गुंठ्यामागे 10 हजारांचा फरक, 40 गुंठ्यांवर 4 लाख. तो गुणकाने दुप्पट आणि दिलासा रकमेने पुन्हा दुप्पट, म्हणजे 16 लाख! शिवाय ज्यांनी कधी काही विकले नव्हते, त्या शेजारच्या दोन कुटुंबांच्या जमिनीही आमच्या त्या सहीनेच स्वस्त झाल्या. त्यांना हे आम्ही अजून सांगितलेले नाही.

वकिलांनी दोन गोष्टी बजावल्या. पैसे घेताना हरकत नोंदवूनच घ्यावयाचे, नाहीतर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. आणि निवाड्याच्या वेळी हजर असल्यास 6 आठवड्यांच्या आत अर्ज करावयाचा. ते आम्ही केले. “पण तुमच्या खतात तीस लिहिले ते खोटे, असे मात्र तुम्हांला कोणत्या तोंडाने म्हणता येईल?” असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही गप्प बसलो. आमच्या अर्जात आता आधार आहे तो विहिरीच्या कमी धरलेल्या किमतीचा.

गेल्या महिन्यात उरलेली पट्टी विकावयाची ठरली. गिऱ्हाईक तेच, शेजारचे. आणि सूचनाही तीच, कागदावर थोडे कमी दाखविण्याची. या वेळी आम्ही पुरा भाव लिहिण्याचा हट्ट धरला. त्याने घटकाभर हिशेब केला, मुद्रांकाचे जास्तीचे पैसे आमच्या रकमेतून कापले आणि मग सही केली.