बैलांच्या वाटणीचे हुलगे

आमच्या माणदेशात हुलगा हे बैलाचं खाणं. माणसं खात नव्हती असं नाही. थंडीत हुलग्याचं माडगं व्हायचं, शेंगोळी व्हायची. पण पाहुण्याच्या ताटात हुलगा वाढायची पद्धत नव्हती. पाहुणा आला की तुरीची डाळ शिजायची. हुलगे मुरमाड रानात टाकायचे, आले तितके काढायचे, राख चोळून कणगीत भरायचे आणि औताच्या दिवसांत शिजवून बैलांपुढे ठेवायचे, असा शिरस्ता होता.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. खरीप गेलं, रब्बीची पेर झाली नाही. दिवाळीच्या आधी आबांनी दोन्ही बैल बाजारात नेले आणि मिळेल त्या भावाला विकून आले. चारा नव्हता, दुसरा इलाज नव्हता. त्या दिवशी घरात कोणी फारसं बोललं नाही. बैल गेले, पण त्यांच्या वाटणीचे हुलगे मात्र कणगीत राहिले. आईने ते पायलीने मोजले. बारा पायल्या भरले.

आम्ही घरात सात माणसं. आजी, आई, आबा आणि आम्ही चार भावंडं. आबा आणि आई रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची. रेशनच्या दुकानात मिलो मिळायचा, त्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी आम्ही वर्षभर खाल्ल्या. पोट भरत होतं, पण भाजी म्हणून काही नव्हतं. चटणी-भाकरी, नाहीतर नुसती सुकडी. पंधरा-वीस दिवसांत घरातल्या सगळ्यांची पोटं धरली. आबांचं तर चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. उन्हात बसून खडी फोडायची, पाणी मोजकं प्यायचं आणि पोटात सगळं कोरडं. आबांचं खाणं कमी झालं, मग काम कमी झालं. खडी मोजून घेत, तेव्हा काम कमी झालं की मजुरीही कमी व्हायची.

तेव्हा आईने हुलग्याला हात घातला. आबा म्हणाले, "बैलाच्या तोंडचं हाय त्ये. ऱ्हाऊ दे. पुढच्या साली बैल घ्येतलं तर काय घालशील?"

आई म्हणाली, "बैल घ्यायला माणसं तर ऱ्हायाला पायजेत न्हवं?"

आबा उठून बाहेर गेले. पण "नको" म्हणाले नाहीत.

आईचा हिशेब बोटांवरचा होता. बारा पायल्यांतल्या दोन बियाला बाजूला. राहिल्या दहा. पायलीचे शेर चार, शेराची चिपटी चार; म्हणजे एका पायलीत सोळा चिपटी, दहा पायल्यांत एकशेसाठ. आठवड्यातले पाच दिवस रोज एक चिपटं शिजवलं तर बत्तीस आठवडे. दिवाळी ते मिरग. उरलेले दोन दिवस मटकी किंवा वाळवलेली भाजी. आई शाळेत गेलेली नव्हती, पण हा हिशेब तिचा चुकला नाही.

चिपटं म्हणजे आजच्या मापात साधारण पावशेर. पावशेर हुलग्यात सात माणसं कशी भागवायची? त्यासाठीच मोड आणायचे. कोरडं चिपटं भिजून, मोड येऊन दुपटीच्या वर जातं. आणि मोडाचे हुलगे लवकर शिजतात. सरपण तेव्हा धान्याइतकंच महाग होतं. कोरडे हुलगे शिजायला चूल सकाळभर पेटती ठेवावी लागे, मोडाचे निम्म्या जळणात मऊ होत.

आता त्या मोडाची रीत सांगतो, कारण ती नुसती बघून आलेली नाही. रोज संध्याकाळी हुलगे निवडायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्यांदा राख पाखडून काढायची. मग एका पाण्यात हुलगे खळबळायचे. भुंग्याने पोखरलेला दाणा हलका होतो, तो वर तरंगतो. तो ओंजळीने काढून कोंबड्यांना टाकायचा. मग दुसऱ्या पाण्यात, दाण्यावर चार बोटं पाणी राहील असे रात्रभर भिजवायचे. थंडीत आई हे पाणी कोमट करून घ्यायची.

सकाळी दाणा बोटांत चोळून बघायचा. भिजलेला दाणा फुगतो आणि साल नखाने सुटते. काही दाणे मात्र आदल्या दिवशी होते तसेच बारीक, टणक राहतात. त्यांना आम्ही गणंग म्हणतो. आमचे हुलगे आदल्या सालचे, त्यामुळे गणंग जास्त निघायचे. धान्य जितकं जुनं तितकं ते पाणी धरायला कुचराई करतं. हे गणंग तसेच राहू दिले तर उसळीत दाताखाली खडा आल्यासारखे येतात. आई ते वेगळे काढायची, वाळवायची, आठ-दहा दिवसांचे साठले की तव्यावर भाजून जात्यावर दळायची. त्याचं सालासकट पीठ माडग्याला. एक दाणा वाया जात नव्हता.

भिजलेले हुलगे निथळून ओल्या धोतराच्या फडक्यात सैल बांधायचे. सैल हे महत्त्वाचं. गच्च बांधलं की आत ऊब कोंडते, मोड यायच्या आधी दाणा आंबतो. थंडीत गाठोडं चुलीच्या वैलाजवळ ठेवायचं, उन्हाळ्यात पाण्याच्या रांजणाला टेकवून. सांज-सकाळ पाण्याचा हबका मारायचा. मटकीला एका दिवसात मोड येतात, हुलग्याला दीड दिवस लागतो, कडाक्याच्या थंडीत दोनही. म्हणून आमच्या घरी नेहमी दोन गाठोडी असायची, एक आजचं, एक उद्याचं. मोड दाण्याएवढा झाला की बास. बोटभर वाढू दिला की चोथट लागतो आणि कडवटपणा येतो. गाठोडं सोडल्यावर ओल्या मातीसारखा वास आला तर ठीक. आंबूस वास आला, दाणा बोटाला बुळबुळीत लागला, की ते माणसाने खायचं नाही. उन्हाळ्यात असं दोनदा झालं. आईने ते शेळीपुढे टाकलं आणि त्या दिवशी आम्ही कोरडी भाकरी खाल्ली.

पाणी ही मोठी अडचण होती. विहीर आटलेली, पाणी टँकरचं. धुतलेलं आणि भिजवलेलं पाणी शेळी प्यायची. शिजवलेलं पाणी मात्र टाकायचं नाही; तो कट. मोडाचे हुलगे शिजले की अर्धे आणि कट बाजूला काढून लसूण-मिरचीची आमटी, अर्ध्याची सुकी उसळ. आमटी सकाळी, उसळ कामावरच्या भाकरीसोबत.

सुरुवातीला मात्र आबांचं पोट उलट फुगलं. कोरड्या खाण्याला सवकलेल्या पोटात एकदम हुलगे गेले की वारा धरतो. आजी म्हणाली, "आगं, बैलालाबी पैल्या दिशी पाटीभर घालत न्हाईत. मूठ-मूठ वाढव." मग आईने आठवडाभर प्रत्येकाला मूठभरच वाढलं, पुढे हळूहळू ओंजळीवर नेलं. आजीचा दुसरा नेम पाण्याचा. "हुलगं खाऊन पाणी न्हाई प्यालास तर पोटात दगुड हुईल." सालाचं अन्न पाणी पिऊन फुगतं, तेव्हाच ते पोट पुढे ढकलतं. पाणी नसेल तर तेच साल अडून बसतं. आबा त्या दिवसापासून कामावर जाताना पाण्याची चामडी पखाल खांद्याला अडकवायचे. घरात अंघोळी कमी झाल्या, पण ती पखाल कधी रिकामी गेली नाही. महिन्याभरात त्यांचं पोट रोजच्या रोज साफ व्हायला लागलं आणि खडीचा ढीग पहिल्यासारखा दिसायला लागला.

आता डॉक्टर लोक याला फायबर म्हणतात. गेल्या साली माझ्या बद्धकोष्ठावर एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं: मोडाची कडधान्यं, सालासकट डाळी, पालेभाज्या. मी विचारलं, मोड आणल्याने फायबर वाढतं का? त्या म्हणाल्या, ते सालातच असतं. मोडाने धान्य पचायला हलकं होतं, वारा कमी धरतो आणि कोरड्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. साल काढलं की खरा तोटा. सालासकट मुगात जितके तंतू, त्याच्या जवळपास निम्मेच धुतलेल्या डाळीत राहतात. मला जात्याखालची चुणी आठवली. डाळ भरडली की साल आणि कणी म्हशीला, पांढरी डाळ पाहुण्याला. म्हैस सुखी होती, हे आत्ता कळतंय.

त्र्याहत्तरच्या मिरगात पाऊस पडला आणि हुलग्याचं शेवटचं चिपटं भाजीत गेलं. आठ-दहा दिवसांत बांधाला तरोटा, तांदुळजा, पाथरी, कुर्डू, घोळ उगवून आली. तरोटा दोन पानांचा कोवळा असतानाच खुडायचा, जून झाला की उग्र लागतो. तांदुळज्याचं देठ मोडून बघायचं. कटकन मोडलं तर भाजीत, दोरा निघाला तर शेळीला. आई कोवळी देठं कधी टाकायची नाही. भाज्या मातीच्या असतात म्हणून तीन पाण्यांत धुवायच्या, चौथ्यात वाळू लागली नाही तरच चिरायच्या. मूठभर मोडाचे हुलगे आणि टोपलीभर पाला, अशी ती भाजी सातजणांना पुरायची. पाथरी तर आम्ही कच्चीच भाकरीवर ठेवून खायचो. हरभऱ्याचा पाला त्या साली नव्हता. पुढच्या साली आईने तो पोतंभर वाळवून ठेवला, आणि मग दरवर्षी ठेवला.

बैल घ्यायला आणखी दोन वर्षं गेली. नवे बैल आल्यावर आबांनी त्यांचे हुलगे मोजून कणगीत भरले आणि त्यातली एक पायली वेगळ्या गाडग्यात ठेवली. ती कशाला, ते कोणी विचारलं नाही.

आज माझ्या पुतण्याच्या घरी चार माणसं, दोघं रोजगारावर. त्याची बायको बाजारच्या दिवशी तुरीची डाळ अर्धा किलोच घेते, हुलगे आणि अख्खा मसूर किलो-किलो. मसूर तिला भिजवावाही लागत नाही म्हणते, कुकरच्या तीन-चार शिट्ट्यांत होतो. पण हुलगे ती रात्रीच भिजत घालते. परवा गेलो तेव्हा तिचं फडक्याचं गाठोडं फ्रीजच्या मागे, जिथं ऊब येते तिथं ठेवलेलं दिसलं. मी सोडून वास घेतला. ती म्हणाली, "मामंजी, आज न्हाई, उद्या हुतील." मी परत सैल बांधून ठेवलं.