पाणसळ आणि एक ‘जवळजवळ’

माझं पहिलं कॅरोसेल माझ्या आत्तेभावाने तिसऱ्या स्लाइडवर सोडलं. नववीतला मुलगा, माझ्या शेजारीच सोफ्यावर बसला होता. अंगठा थांबला, कपाळाला आठी पडली आणि मग रील सुरू झालं. तेच कॅरोसेल आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी उघडलं तेव्हा पहिल्या सहा स्लाइड भराभर सरकवल्या आणि सातवीवर म्हणाले, “हे चूक आहे.” काका पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेत.

विषय पंचक्कीचा होता. आपल्या शहरातल्या बहुतेकांनी ती शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांमधल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं, बांधीव खांबातून वर चढतं, हौदात कोसळतं आणि त्या जोरावर पिठाची चक्की फिरायची. दर्ग्यात येणाऱ्यांसाठी तिथे धान्य दळलं जाई. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि तेही पंपाने चढवावं लागतं, तिथे पंपाशिवाय चढणारं पाणी हा विषय चालणारच, असं मला वाटलं. मी सॉफ्टवेअरवाला. पाण्याचं गणित वाचून शिकलो आणि जे शिकलो ते सगळं १० स्लाइडमध्ये कोंबलं. (इन्स्टाग्रामवर २०२४ पासून २० स्लाइड टाकता येतात. ही सोय झाल्यापासून कोंबण्याचा मोह दुप्पट झालाय.)

म्हणून दोन कॅरोसेल करायचं ठरवलं, एक भावासाठी, एक काकांसाठी. आणि पहिल्यांदा जे सगळेच करतात तेच केलं. जुन्या कॅरोसेलची कॉपी काढली, त्यातलं सूत्र उडवलं, ‘दाब’, ‘घर्षण’ हे शब्द उडवले आणि त्याला सोपी आवृत्ती म्हटलं. वाचून पाहिलं तर चौथी स्लाइड ‘म्हणून’ने सुरू होत होती आणि तिच्याआधी कारणच उरलं नव्हतं. शब्द सोपे झाले होते, पण मधली पायरी गेली होती. जाणकाराला ती पायरी दिसली नाही तरी तो उडी मारतो, कारण खाली जमीन आहे हे त्याला ठाऊक असतं.

भावाशी बोलल्यावर अडचण कळली. त्याला उत्तर अवघड जात नव्हतं, त्याला प्रश्नच पडलेला नव्हता. नळ उघडला की पाणी येतं, तसं खांबातूनही येत असेल. त्यात नवल काय? तेव्हा नवशिक्याच्या कॅरोसेलचं पहिलं काम म्हणजे नवल वाटेल असं काही समोर ठेवणं. आत्याच्या घराचं वरचं बांधकाम चालू होतं. तिथे गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन भिंतींवर सारख्या उंचीच्या खुणा करायचा. तीच पाणसळ. भावाने ती रोज पाहिली होती.

नवी आवृत्ती तिथून सुरू केली. मुखपृष्ठावर: “पंप नाही, वीज नाही. पंचक्कीचं पाणी वर चढतं कसं?” दुसरीवर पाणसळीचा फोटो आणि एवढंच, “गवंडी ही नळी कशाला वापरतो?” तिसरीवर, नळी मध्ये कितीही लोंबली तरी दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर थांबतं. चौथीवर, एक टोक त्या उंचीच्या खाली आणलं की तिथून पाणी वाहायला लागतं. पाचवीवर नळी लांब केली: एक टोक टेकडीतल्या झऱ्यावर, मधला भाग जमिनीखाली, दुसरं टोक पंचक्कीच्या खांबात. सहावीवर पाणी चढलं, सातवीवर हौदात पडून चक्की फिरली. प्रत्येक स्लाइडवर जास्तीत जास्त दोन वाक्यं. आठवीवर पुन्हा प्रश्न: “खांब झऱ्यापेक्षा उंच बांधला असता तर?” ही माझी परीक्षा होती. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. भाऊ म्हणाला, “मग पाणी खांबात मधेच थांबलं असतं.” झालं.

सहाव्या स्लाइडवर मात्र काकांनी पुन्हा बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, “पाणी झऱ्याइतक्याच उंचीवर चढतं.” पहिल्या कॅरोसेलच्या सातवीवर हेच वाक्य होतं. काका म्हणाले, “पाणसळीतलं पाणी थांबलेलं असतं, हे वाहतंय. वाहताना नळाच्या भिंतीला घासतं आणि थोडी उंची वाटेत गमावतं.” मी म्हणालो, नवशिक्यांसाठी चालेल की. ते म्हणाले, “उद्या हाच मुलगा तुझं दुसरं कॅरोसेल वाचेल. तेव्हा त्याला काय सांगशील, आधी खोटं बोललो?” मी वाक्य बदललं: “जवळजवळ झऱ्याइतक्या उंचीवर.” सोप्या आवृत्तीत गाळावं, पण पुढे खोडावं लागेल असं लिहू नये, हा नियम तिथे कळला.

काकांसाठीचं कॅरोसेल त्या एका शब्दातूनच निघालं. त्यांना पाणसळ दाखवणं म्हणजे अपमान. शिवाय जाणकाराला माहीत असलेलं पुन्हा सांगितलं की तो नुसता कंटाळत नाही, आपलं ज्ञान आणि आपली स्लाइड जुळवत बसतो आणि त्याचा वेग उलट कमी होतो. स्वेलर, काल्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावर लिहिलंय: नवशिक्याला आधार देणारी मांडणीच जाणकाराला अडथळा ठरते. म्हणून मुखपृष्ठावर थेट: “पाणी झऱ्याच्या पातळीला पोचत नाही. किती कमी पडतं?” आणि दुसऱ्याच स्लाइडवर सूत्र:

```
h = f · (L/D) · v² / (2g)
```

इथे h म्हणजे वाटेत गमावलेली उंची. पंचक्कीच्या नळांची मोजमापं माझ्याकडे नव्हती, म्हणून तिसरीवर ‘समजा’ असं स्पष्ट लिहून उदाहरण घेतलं: नळाचा व्यास २० सेंटिमीटर, लांबी १ किलोमीटर, वेग सेकंदाला अर्धा मीटर, खडबडीतपणाचा f ०.०३. उत्तर येतं सुमारे १.९ मीटर, दर किलोमीटरला. चौथीवर तेवढंच पाणी अर्ध्या व्यासाच्या नळातून पाठवलं. वेग चौपट होतो आणि तोटा ३२ पट, म्हणजे ६० मीटरच्या आसपास. टेकडीच संपली. पाचवीवर नळाच्या उंचवट्यांवर साठणारी हवा. ती पाण्याची वाट अडवते. वरून उघडा खांब तिला बाहेर सोडतो, पण त्याचं तोंड तिथल्या पाण्याच्या चढण्याच्या उंचीहून वर हवं, नाहीतर पाणीच बाहेर सांडेल.

काकांना मी ‘समजलं का’ विचारलं नाही, ‘कुठे भांडाल?’ विचारलं. ते f च्या ०.०३ वर भांडले. जुन्या मातीच्या नळात क्षार धरतात, सांधे पुढेमागे होतात, आकडा वाढवायला हवा. पहिल्या सहा स्लाइड सरकवणारा माणूस तिसरीवर वीस मिनिटं थांबला.

आणखी एक चूक पोस्ट केल्यावर कळली. दोन्हींच्या मुखपृष्ठांवर एकच फोटो होता. पहिलं पाहिलेल्यांना दुसरं तेच वाटलं आणि त्यांनी ते ओलांडलं. ‘नवशिक्यांसाठी’, ‘जाणकारांसाठी’ अशा पट्ट्या लावून पाहिल्या, तर नवशिका म्हणवून घ्यायला कुणी तयार नाही. शेवटी फोटो वेगळे केले, पट्ट्या काढल्या आणि प्रश्न मोठ्या अक्षरात ठेवले. ज्याला जो प्रश्न पडतो, तो तिकडे जातो.

परवा रात्री भावाचा मेसेज आला. सहाव्या स्लाइडचा स्क्रीनशॉट, एका शब्दाभोवती लाल गोल. “दादा, जवळजवळ का?”

मी त्याला दुसऱ्याची लिंक पाठवली.