विंचू उतरल्यावर उरते ती फुणफुण

नाथमहाराजांचे विंचवाचे भारूड तुम्ही कितीतरी वेळा पाहिले असेल. दिंडी मुक्कामाला उतरते, रात्री कुणीतरी भारूडकरी पाय धरून बोंब मारत पुढे येतो, लोळतो, आणि सगळी मंडळी पोट धरून हसतात. त्या हसण्यात शेवटचे कडवे बहुधा बुडून जाते. कारण तोवर सोंग संपलेले असते आणि पुढच्या भारुडाची तयारी चाललेली असते. माझी आई आणि माझी लेक यांनी मात्र एकदा हे भारूड सोंगाशिवाय, नुसते वाचले. गाथ्यात ते अर्ध्या पानात मावते. त्या दोघींना त्याला दोन रात्री लागल्या. त्यांना काय सापडले, ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

लेक परिचारिका आहे, कोकणातल्या एका रुग्णालयात काम करते. सुट्टीवर आली की आजीला गाथा वाचून दाखवते, कारण आजीला आता बारीक अक्षर दिसत नाही. भारूड सुरू झाले आणि लेक पहिल्याच कडव्याशी थांबली. विंचू चावल्यावर नाथ आधी घामाची गोष्ट करतात, वेदना नंतर येते, हे तिने हेरले.

"आजी, हे अगदी खरं आहे गं. लाल विंचू चावला की पेशंट घामानं भिजतो, हातपाय गार पडतात, छातीत धडधड होते. कधीकधी चावल्या जागी फार दुखतही नाही, आणि तोच पेशंट जास्त धोक्याचा असतो. आम्ही घाम आधी बघतो."

तिने महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव सांगितले. त्यांनी प्राझोसिनची गोळी या विषावर वापरून कोकणातले कितीतरी जीव वाचवले. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो बहुधा लहान लाल, हेही तिने सांगितले. (माउली, खरा विंचू चावला तर अंगाऱ्याची वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. नाथांचा उतारा दुसऱ्या विंचवाचा आहे.)

आई म्हणाली, "म्हणजे ज्याला चावलं त्याला कळायच्या आधी बघणाऱ्याला कळतं, असंच ना? रागाचंही तसंच असतं. माणूस म्हणतो, मी कुठं रागावलोय? आणि कपाळ भिजलेलं असतं."

हा पहिला पदर. दुसरा लेकीने शब्दांत शोधला. नाथ एकाच दमात विंचू हा मराठी शब्दही वापरतात आणि त्याचाच संस्कृत शब्दही. तिला वाटले, यमकासाठी असेल. आई म्हणाली, "नाही पोरी. पैठणात दोन्ही बोलणारे होते. अडाण्याला विंचू चावतो, शास्त्र्याला वृश्चिक चावतो. नाव बदललं म्हणून कळ बदलत नाही." हा आजीचा अर्थ; पंडितांनी तो मान्य करावा असा आग्रह नाही. पण नाथ स्वतः संस्कृताचे जाणकार आणि बोलले लोकांच्या भाषेत, हे ध्यानात घेतले की तो पटतो.

मग लेकीने एक अडचण काढली. गीतेत तिसऱ्या अध्यायात काम आणि क्रोध रजोगुणातून उपजतात असे भगवंत सांगतात. इथे तर रजोगुणाचे नावच नाही, घाम येतो तो तमाचा. मग नाथांनी तम का धरला? आईने थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाली, "चावतो तो रज असेल. पण चावल्यावर जे अंगात पसरतं, ते तम. राग आला की आधी शुद्ध जाते, मग काही आठवत नाही, मग बुद्धी जाते. दुसऱ्या अध्यायातली ती पायरी तूच मला वाचून दाखवली होतीस. नाथ विषाबद्दल बोलतात, नांगीबद्दल नाही."

पहिली रात्र इथे संपली. दुसऱ्या रात्री गाडे शेवटच्या दोन कडव्यांवर आले, आणि इथे आमच्या घरातली एक गोष्ट मला सांगावी लागेल. आईच्या माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिच्या भावाने तिची सही घेतली होती. काय लिहिले आहे ते न सांगता. त्याला अकरा वर्षे झाली. भाऊबीज बंद झाली. आई माळकरी, एकादशी सोडत नाही, कुणाचे वाईट चिंतत नाही. भावाबद्दलही ती कधी वावगे बोलली नाही. एवढेच, की त्याचे नाव निघाले की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

लेक वाचत होती. तम मागे सारायचा, सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा, की विष उतरते. मांत्रिकाचे सगळे शब्द नाथांनी घेतले आणि आतला माल बदलला. पण पुढे लेक अडखळली. "आजी, सगळा तमोगुण गेला असं म्हणतात, आणि तरी थोडी फुणफुण राहिली असंही म्हणतात. मग औषध अपुरं पडलं का?"

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वाच बरं पुन्हा, कोण काय करतं ते बघ."

लेकीने क्रियापदे पाहिली. उताऱ्याची आज्ञा आहे, म्हणजे ते आपण करायचे. तमोगुण सारला, तोही ज्याला चावला त्यानेच. पण फुणफुण शांत करणारा मात्र दुसराच आहे. तिथे कर्ता बदलतो आणि जनार्दनस्वामींचे नाव येते. नाथांच्या रचनांत गुरूचे नाव शेवटी मुद्रेसारखे येतेच, म्हणून आपण ते सही समजून पुढे जातो. इथे ते सही नाही, इथे ते काम करते आहे.

"सत्त्वही गुणच," आई हळू म्हणाली. "तोही बांधतो. चौदाव्यात सांगितलंय, सुखाच्या आणि ज्ञानाच्या दोरीनं बांधतो. मी माळकरी, मी माफ केलं, मी एक शब्द बोलले नाही. हे जे 'मी, मी' आहे ना पोरी, ती फुणफुण. ती माझ्या अंगाऱ्यानं जायची नाही, कारण अंगारा लावणारा हातच तिचा आहे."

लेकीने पुस्तक मिटले नाही. तिने विचारले, "मग काय करायचं?"

"मागायचं," आई म्हणाली. "आपल्यानं होत नाही एवढं कबूल करून मागायचं."

आठ दिवसांनी आईने मला भावाचा नंबर लावायला सांगितला. दोन मिनिटे बोलली असेल. गुडघे कसे आहेत, यंदा दिंडीला जमणार का, एवढेच. जमिनीचा विषय निघाला नाही. तो कागद आजही तसाच आहे, आणि त्याचा न्याय व्हायचा तेव्हा होईल. क्षमा केली म्हणून खोटे खरे होत नाही, असे आईही म्हणते. फोन ठेवून तिने पदराने कपाळ पुसले. लेकीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघे काही बोललो नाही.

माउली, यंदा वाटेत हे भारूड लागले तर हसा, पोटभर हसा. नाथांनी ते हसण्यासाठीच रचले आहे. पण सोंग संपले तरी लगेच उठू नका. शेवटच्या कडव्यात कर्ता कुठे बदलतो, तेवढे कान देऊन ऐका.