पुस्तक हातात नसताना पैसे मागायचे, तर काय लिहायचे?

14 सप्टेंबर 1956 रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना एक पत्र लिहिले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' लिहून झाला होता, छपाईचा खर्च सुमारे 20 हजार रुपये येणार होता आणि तो त्यांच्या आवाक्याबाहेर होता. बुद्धाच्या 2500व्या जयंतीवर्षात ग्रंथालयांना आणि विद्वानांना देण्यासाठी भारत सरकारने 500 प्रती घ्याव्यात, अशी त्यांची विनंती होती. सोबत ग्रंथाची अनुक्रमणिका छापून पाठवली होती. दुसऱ्याच दिवशी नेहरूंनी कळवले की जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, एवढ्या प्रती घेता येणार नाहीत. ग्रंथ आला 1957 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आजच्या भाषेत ते पत्र म्हणजे प्रकाशनपूर्व नोंदणीची विनंतीच होती. तिच्यात खर्च किती, प्रती किती हव्यात, कोणासाठी हव्यात आणि आत काय आहे, हे सगळे होते. आमची मुले मोबाईलवर पहिल्या पुस्तकाची जाहिरात टाकतात तेव्हा त्यात मुखपृष्ठ असते, 'लवकरच येत आहे' असते, अग्नीच्या दोन खुणा असतात आणि क्यूआर कोड असतो. खर्च आणि प्रती यांचा पत्ता नसतो. हे आम्ही इतरांना हसण्यासाठी लिहीत नाही. 2024 साली अशीच एक जाहिरात आम्हीच लिहिली होती.

आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाचे ते पहिले पुस्तक. नागपुरातल्या आपल्या वस्तीच्या आठवणी त्याने लिहिल्या होत्या. कोणी प्रकाशक विचारत नव्हता, म्हणून स्वतःच काढायचे ठरले. ऑगस्टमध्ये आम्ही मुखपृष्ठाच्या चित्रासह मजकूर टाकला: किंमत 150 रुपये घरपोच, पुस्तक धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर मिळेल. त्या वर्षी विजयादशमी 12 ऑक्टोबरला होती. पंधरा दिवसांत 140 जणांनी पैसे पाठवले आणि आम्हाला वाटले की झाले काम.

पहिली चूक किमतीत होती. 150 हा आकडा आम्ही 112 पाने धरून काढला होता, पण तेव्हा पाने लागलीच नव्हती. अक्षरजुळणी झाली, परिशिष्ट आले, फोटो आले आणि पुस्तक 160 पानांचे झाले, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म. 300 प्रतींचे छपाई-बांधणीचे दरपत्रक 27 हजारांचे आले. जुळणी आणि मुखपृष्ठ मिळून साडेपाच हजार वेगळे. एकूण साडेबत्तीस हजार, म्हणजे प्रतीमागे 108 रुपये. लिफाफा आणि टपाल धरून प्रतीमागे 60 रुपये जाणार होते. 150 मधून 60 गेले की उरतात 90. प्रत्येक प्रतीवर 18 रुपये खिशातून जाणार, हे जाहिरात करून झाल्यावर कळले.

दुसरी चूक जास्त वाईट, आणि ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही. जमा झालेले 21 हजार आम्ही सगळे आपलेच समजलो. छापखान्याला निम्मी आगाऊ रक्कम साडेतेरा हजार दिली, जुळणी-मुखपृष्ठाचे साडेपाच हजार दिले, हातात राहिले दोन हजार. पण त्या 21 हजारांतले 8,400 रुपये टपालाचे होते, लोकांनी पोहोचवण्यासाठी दिलेले. पुस्तके तयार झाली तेव्हा छापखान्याचे उरलेले साडेतेरा हजार आणि टपालाचे 8,400 द्यायचे होते. चौघांनी पाच-पाच हजार उसने घातले. नंतर नवी किंमत 200 लावली, विक्रेत्याचे 40 टक्के कापून हातात 120 आले. 20 प्रती भेट गेल्या, उरलेल्या 140 पूर्ण विकल्या तरी 16,800. उसने 20 हजार त्यातून फिटत नाहीत. जुन्या 140 जणांकडून वाढीव पैसे मागावेत असे एकाने सुचवले होते. आम्ही नाही म्हणालो, ते बरे केले.

आणि तारीख. आम्ही ती सणावरून ठरवली, कामावरून नाही. लेखकाने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटली, 'र्‍य' आणि 'द्ध' जागोजागी तुटले; प्रुफे तीनदा वाचावी लागली. पाने वाढल्याने मुखपृष्ठाचा कणा रुंद झाला, म्हणून मुखपृष्ठ पुन्हा जुळवावे लागले. मागच्या बाजूला किंमत आणि आयएसबीएनची पट्टी छापायची, तो क्रमांक सरकारी आहे, फुकट मिळतो, पण आपल्या घाईने मिळत नाही. तोवर छापखाना दिवाळी अंकांत बुडालेला. पुस्तके नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली.

त्या दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीजवळ रिकाम्या टेबलाशी उभे होतो. यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या एका मावशींनी भाच्याकडून पैसे भरले होते. सकाळपासून रांगेत होत्या, पायाला धूळ. आम्ही सांगितले, मावशी, पुस्तक छापून झाले नाही. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पोरा, पुस्तक नाही त चिठ्ठी तरी दे, घरी दाखवीन." आम्ही वहीच्या पानावर लिहून दिले. तेव्हा लक्षात आले की 140 पैकी एकालाही आम्ही पावती दिली नव्हती.

किंमत कमी ठेवण्याचा मोह कुठून येतो, तेही बोलले पाहिजे. 1936 साली बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वतः छापून काढले, किंमत आठ आणे. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिताना किंमत दोन, निदान चार आण्यांवर आणावी असे सुचवले. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या, त्या आठ आणे किमतीच्या काळातच. आमचे वाचक गरीब, म्हणून पुस्तक तोट्यात द्यायचे, हा विचार वरून दयाळू दिसतो, पण तो तोटा पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोराच्या डोक्यावर बसतो आणि त्याचे दुसरे पुस्तक निघत नाही. परवडत नसेल त्याला प्रत द्यायची असेल तर ज्याला परवडते त्याच्याकडून एक जादा प्रत मागावी. हे मजकुरातच लिहिता येते.

या वर्षी दुसऱ्या एका मुलीचे पुस्तक आहे. पाने लागली, शेवटचे प्रुफ तपासले, दरपत्रक हातात आले, तोवर आम्ही तिला जाहिरात टाकू दिली नाही. मुखपृष्ठाखाली तिने लिहिलेला मजकूर असा:

"माझे पहिले पुस्तक. पाने 144, कागदी बांधणी. मजकूर तयार आहे, अनुक्रमणिका दुसऱ्या चित्रात. मी 300 प्रती छापते आहे. 150 नोंदी झाल्या की छपाईला देईन. किंमत 220 रुपये, टपाल 60 रुपये वेगळे. नागपुरात हातोहात घेतल्यास टपाल नाही. छपाईला दिल्यापासून पाच आठवड्यांत पुस्तक रवाना होईल, छपाईला दिल्याची तारीख इथेच कळवीन. दोन महिन्यांत 150 नोंदी झाल्या नाहीत तर सर्वांचे पैसे परत. पैसे मिळाले की नावासह पावती पाठवते, पावती आली नाही तर विचारा. कुणासाठी एक जादा प्रत घ्यायची असल्यास तसे लिहा."

टपालाचे पैसे तिने आईच्या बँक खात्यात वेगळे ठेवले आहेत. काल रात्रीपर्यंत 93 नोंदी झाल्या होत्या, त्यात 11 जादा प्रतींच्या.