अम्मी, रिमोट आणि 'हल्लू'

गेल्या रमजानच्या आधी आमच्या मिरजेच्या घरात नवा टीव्ही आला. टीव्ही घरात असावा की नसावा, हा वाद आमच्याकडेही झाला. तो इथे उकरून काढत नाही. घेण्याचे खरे कारण अम्मी होत्या. डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने त्यांची मधोमधची नजर गेली आहे. दारात कोणीतरी उभे आहे हे कळते, चेहरा दिसत नाही. रिमोट हातात धरता येतो, बटणावर काय लिहिले आहे ते दिसत नाही. दुपारी आम्ही दोघे कामावर आणि मुले शाळेत. दुकानदार म्हणाला, "याच्याशी नुसतं बोला, सगळं करतो. मराठीसुद्धा आहे." आम्ही घेऊन आलो.

मराठी होती, पण फक्त वाचायला. सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्यात भाषा असे जाऊन आम्ही मराठी निवडली. सगळा मेनू मराठीत आला आणि आम्ही खूश झालो. मग माइकचे बटण दाबले तर पडद्यावर संदेश आला की या भाषेत बोलून वापरण्याची सोय नाही. टीव्ही कोणत्या भाषेत लिहून दाखवतो आणि कोणत्या भाषेत ऐकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला तेव्हा कळले. आमच्या टीव्हीला ऐकण्यापुरती इंग्रजी आणि हिंदी येते. शिवाय दोन्ही भाषा एकाच डब्यात असल्याने ऐकणे हिंदीत हवे तर मेनूही हिंदी करावा लागला. दुकानातच माइक दाबून एक मराठी वाक्य बोलून पाहिले असते, तर तिथेच उलगडा झाला असता.

हिंदी तर हिंदी. घरात आम्ही बोलतो दखनी, हिंदी तिला जवळची. पहिले चार दिवस अम्मींनी हौसेने वापरले. नंतर रिमोट उशीखाली गेला. विचारले की म्हणायच्या, "नक्को बा, मेरे कू नई होता." आम्ही वयावर ढकलून मोकळे झालो.

एका रात्री मुलाने टीव्हीच्या खात्याची नोंद फोनवर उघडली. ज्या खात्यावर टीव्ही सुरू केलेला असतो, त्यात नोंद चालू असेल तर कोणत्या तारखेला, किती वाजता, टीव्हीने काय ऐकले ते लिहिलेले सापडते. आम्ही ते वाचत गेलो आणि मान खाली गेली. रोज दुपारी दोन ते चारच्या दरम्यान त्या एकट्या बसून प्रयत्न करत होत्या.

सगळ्यात जास्त वेळा होते "हेलो कर". अम्मी म्हणत होत्या, "हल्लू कर." आपल्याकडे हल्लू म्हणजे हळू, आवाज कमी. हिंदी ऐकणाऱ्या यंत्राकडे हा शब्दच नाही. ते आपल्या माहितीतला सगळ्यात जवळचा शब्द उचलते, म्हणून हॅलो. आवाज तेवढाच राहायचा आणि अम्मींना वाटायचे आपणच चुकतो.

काही ठिकाणी नुसते "कम करो" होते. तिथे चूक भाषेची नव्हती. बटण दाबल्याबरोबर त्या बोलायच्या आणि माइक सुरू होईपर्यंत "आवाज" हा पहिला शब्द निघून गेलेला असायचा. बटण दाबून धरायचे, मनात बिस्मिल्लाह म्हणायचे, मग बोलायचे, आणि बोलून होईपर्यंत बोट उचलायचे नाही, असे ठरवले तेव्हा ते जमले.

आणि मग होते "कबाब". दिवसात सहा वेळा कबाब. अम्मी काबा म्हणत होत्या. त्यांना मक्केचे थेट चित्र लावायचे होते. समोर तव्यावर कबाब उलटणारी बाई येत होती. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, "मई काबा बोली, ये कबाब दिखा रा. मेरे कू लगा गुनाह होरा, सो छोड दी." हसावे की तौबा करावी ते आम्हाला कळेना.

त्या रविवारी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. नुसते "मक्का" म्हटले तर मक्याची भजी आली, कारण हिंदीत मक्का म्हणजे मकाही. "मक्का मदीना लाइव" म्हटले आणि बरोबर लागले. यंत्र एकेक शब्द सुटा ओळखत नाही. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो याचा अंदाज धरून ऐकते. शब्द एकटा असला की अंदाजाला आधार नसतो. नातेचेही तसेच झाले. नुसत्या "नात"चे "नाथ" व्हायचे, "नात शरीफ" म्हटले की चूक नाही. "यासीन" नको, "सूरह यासीन" म्हणायचे. आधी "यूट्यूब पर" जोडले तर थेट तिथेच शोध होतो. नाही तर सगळ्या अॅपमधून शोधून पैसे भरायचे सिनेमे समोर मांडून ठेवतो, आणि नातवंडे शेजारी बसलेली असताना ते नको वाटते.

आवाजासाठी "आवाज कम करो"पेक्षा आकडा सांगणे बरे पडले. "कम करो"ने थोडाच उतरतो आणि तीनदा सांगावे लागते. "आवाज दस करो" म्हटले की एकदम दहावर येतो. अम्मींची अशी चार वाक्ये पाठ झाली: आवाज दस करो, आवाज बंद करो, यूट्यूब खोलो, आणि मक्केचे. माइकच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवून ठेवला आहे, तो बोटाला लागतो.

मधे एकदा माइक साफ बंद पडला, पण आवाजाची बटणे चालत होती. नवीन रिमोट घ्यायला निघालो होतो. शेजारच्या मुलाने सांगितले की अशा रिमोटमध्ये आवाजाची आणि चालू-बंदची बटणे बऱ्याचदा साध्या किरणांवर चालतात, बोलणे मात्र ब्लूटूथने जाते. सेल बदलून रिमोट टीव्हीशी पुन्हा जोडला, खर्च फक्त सेलचा. वायफाय गेले तर मात्र इलाज नाही, कारण ऐकलेले शब्द बाहेरच्या संगणकावर जाऊन ओळखले जातात. आमच्या टीव्हीवर "आवाज दस करो"लाही इंटरनेट लागते.

मराठीसाठी एक वाट आहे. गूगलने 2017 साली मराठी, उर्दू धरून आठ भारतीय भाषांत फोनवर बोलून टंकण्याची सोय दिली. फोनवर रिमोटचे अॅप घेऊन टीव्हीचा शोधाचा चौकोन उघडला की फोनच्या कीबोर्डवरच्या माइकमध्ये आम्ही मराठी बोलतो आणि ते टीव्हीवर उमटते. आमची मुलगी शाळेचे धडे असेच शोधते. पण याने आवाज कमी होत नाही, आणि त्यात फोन पाहावा लागतो, म्हणून अम्मींच्या उपयोगाचे नाही.

त्या नोंदी आम्ही पुसल्या. खाते आमच्या नावावर असले तरी बोलणे अम्मींचे होते आणि आम्ही ते न विचारता वाचले होते. पुसण्याआधी त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "वो कबाब वाला पैले पुसो."

काल असरची अजान सुरू झाली तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो. बाहेरच्या खोलीत अम्मींचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा, "आवाज बंद करो." टीव्ही गप्प झाला. मग तशाच सावकाश सुरात त्या आम्हाला म्हणाल्या, "कुकर बी हल्लू करो."