गुरुवारची मुलाखत मंगळवारी सुरू होते

मुलाखतीचे बोलावणे ईमेलवर येते तेव्हा ते सगळ्यांना सारखेच दिसते. तीच तारीख, तीच वेळ, खाली तीच कागदपत्रांची यादी, आणि 'अमुक वाजेपर्यंत कळवावे, अन्यथा आपण इच्छुक नाही असे समजू' ही शेवटची ओळ. पण चाकणच्या कारखान्यातून निघालेला हा मजकूर पिंपरीत उघडतो तेव्हा एक असतो आणि रावेरला किंवा शिरपूरला उघडतो तेव्हा दुसरा. पिंपरीतल्या उमेदवाराला तो वेळ सांगतो. खानदेशातल्या उमेदवाराला तो आधी एक प्रवास सांगतो, ज्याचा पत्रात उल्लेखही नसतो. जळगावहून पुणे सुमारे चारशे किलोमीटर, धुळ्याहून थोडे कमी. दोन्हीकडून रात्र गाडीतच जाते. माझे म्हणणे एवढेच की बोलावण्याचे पत्र चांगले की वाईट हे त्यातल्या भाषेच्या मऊपणावरून ठरत नाही. पत्र लिहिणाऱ्याने सर्वांत दूरच्या उमेदवाराच्या दारातून उलटा हिशेब केला आहे का, यावरून ते ठरते.

हा हिशेब एकदा मांडून पाहू. समजा, चाकणच्या एका कंपनीला गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेसाठी रसायनशास्त्राचे पदवीधर हवे आहेत आणि मुलाखती गुरुवारी व शुक्रवारी आहेत. गुरुवारी सकाळी पोचायचे तर जळगावच्या मुलाला बुधवारी रात्री निघायला हवे. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस जळगावला आणि चाळीसगावला थांबून पुण्याला जाते, पण तिचे साधे आरक्षण चार दिवस आधी मिळेल अशी आशा कुणी धरत नाही. उरते तत्काळ. ते प्रवासाच्या आदल्या दिवशी सुटते, वातानुकूलित डब्यांचे सकाळी दहाला आणि स्लीपरचे अकराला. म्हणजे बुधवारच्या गाडीचे भवितव्य मंगळवारी सकाळी ठरते. मंगळवारी संध्याकाळी आलेले बोलावणे कागदावर दीड दिवस आधीचे असते. आरक्षणाच्या खिडकीपाशी मात्र ते उशिराच पोचलेले असते. म्हणून पत्र आदल्या शुक्रवारी दुपारी जावे, उत्तराची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचची असावी, आणि निवडलेली वेळ पक्की झाल्याचा निरोप त्याच रात्री यावा. हा शेवटचा निरोप बहुतेक पत्रांत नसतो. उमेदवार आपली पसंती कळवतो आणि मग वाट पाहत बसतो. ती वाट मंगळवारी अकराच्या पुढे लांबली की मुदतीत उत्तर देऊनही हाती काही उरत नाही.

वेळांचे पर्यायही याच हिशेबातून निघायला हवेत. साडेनऊ, दहा, साडेदहा असे तीन पर्याय देणे म्हणजे एकच पर्याय तीनदा देणे. साडेनऊची वेळ जवळच्यांसाठी ठीक. रात्रभर बसून आलेल्याला साडेअकरा किंवा दोनची वेळ हवी, म्हणजे कुठेतरी तोंड धुऊन, कपडे बदलून, दोन घास खाऊन माणसासारखे समोर बसता येईल. तितकीच महत्त्वाची ओळ म्हणजे दिवस किती वाजता संपेल. लेखी चाचणी, तांत्रिक फेरी आणि एचआरशी बोलणे हे सारे एकाच दिवशी असेल तर चार तास लागतील की सात, यावर परतीच्या रात्रीच्या बसचे तिकीट अवलंबून असते. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष टायट्रेशन करून दाखवायचे असेल तर तेही आधी सांगावे. त्यात गुपित राखून कुणाचे ज्ञान कळत नाही. आणि पत्ता. 'पुणे' असे लिहून फाटकाचा पत्ता मागाहून देणारे लोक शिवाजीनगरला उतरवतात आणि तिथून तीसेक किलोमीटर उलटे यायला लावतात. नाशिकमार्गे येणाऱ्या धुळ्याच्या गाडीच्या वाटेत पुण्याआधी चाकणच लागते. छत्रपती संभाजीनगरवरून येणारा जळगावकर शिक्रापूरला उतरून चाकणचा रस्ता धरू शकतो. पत्त्याची एक पूर्ण ओळ दोन तासांची झोप वाचवते.

कागदपत्रांच्या यादीत गोंधळ आणखी मुरलेला असतो. जुलैत घेतलेल्या मुलाखतीला 'पदवी प्रमाणपत्र अनिवार्य' असे लिहिले की त्याच उन्हाळ्यात उत्तीर्ण झालेली मुले बिचकतात, कारण ते प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतरच हाती येते. तोवर शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिका आणि तात्पुरते प्रमाणपत्र हाच पुरावा असतो, आणि पत्रात तसे म्हटले पाहिजे. खानदेशाची एक खास अडचण आहे. 1990 साली सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. त्या सुमारास शिकलेल्याच्या गुणपत्रिकांवर दोन नावे दिसू शकतात आणि बाहेरचा तपासनीस त्यांना दोन विद्यापीठे समजू शकतो. उमेदवाराने उत्तरातच एका वाक्यात हे सांगून टाकावे. यादीने आणखी एक भेद पाळावा: मूळ कागद दाखवण्यासाठी, छायाप्रती देण्यासाठी. मूळ कागद ठेवून घेणारी जागा संशयाची. आधार लागलेच तर शेवटचे चार अंक दिसणारी झाकलेली प्रत पुरावी. बँकेचा तपशील निवड झाल्यावर मागायचा असतो, आणि पैसे कधीच मागायचे नसतात. पत्र पाठवणाऱ्याचा ईमेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलेला नसेल तर संकेतस्थळावरच्या क्रमांकावर विचारून घ्यावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ज्याला नोकरी खरोखर हवी तो कसाही येईल, आणि ती धडपडही एक परीक्षाच. पण ही परीक्षा पिंपरीच्या मुलाला द्यावीच लागत नाही. तिच्यात इच्छा मोजली जात नाही. पुण्यात मामा आहे का आणि खिशात लॉजचे पैसे आहेत का, हे मोजले जाते. कंपनीला रसायनशास्त्र तपासायचे असते आणि तपासले जाते ते जागरण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेकडो अर्ज हाताळणारा माणूस प्रत्येकाच्या गावाचा विचार कुठवर करणार? त्याने तो प्रत्येकासाठी करावा असे माझेही म्हणणे नाही. सर्वांत लांबच्या एकासाठी केला की बाकीच्यांसाठी तो आपोआप होतो. शुक्रवारी गेलेल्या पत्राने पिंपरीकराचे काही बिघडत नाही. मुदत कडक असावी हेही मान्य, कारण सोडलेली वेळ प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळायला हवी. मात्र कडक मुदतीत शनिवार-रविवार मिळावेत, आणि ईमेल नको त्या कप्प्यात पडू शकतो म्हणून सोबत एक एसएमएस जावा.

तिसरा आक्षेप असा की आता व्हिडिओवर मुलाखत होते, मग प्रवासाचे रडगाणे कशाला? पहिली फेरी व्हिडिओवर घ्यावीच. त्याने कित्येक निष्फळ फेऱ्या वाचतील. पण त्यानेही अंतर संपत नाही, त्याचे रूप बदलते. भर मे महिन्यात रावेरच्या पत्र्याच्या घरात दुपारी तीनला वीज गेली की पडदा काळा होतो, आणि समोरचा मात्र उमेदवार तयारीचा नाही असे टिपून घेतो. म्हणून अशा पत्रात सकाळची वेळ, संपर्क तुटल्यास फोन कुठे करायचा तो क्रमांक आणि दुसरी राखीव वेळ, या तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. उमेदवाराचे उत्तरही तितकेच नेमके असावे: गुणपत्रिकेवर आहे तसे नाव, पहिली पसंतीची वेळ, दुसरी वेळ, आणि जो कागद अजून मिळालेला नाही त्याचे नाव. एवढे दोन्ही बाजूंनी झाले तर गुरुवारी समोर बसलेल्या माणसाविषयी जे मत बनेल ते निदान त्याच्या कामाविषयीचे असेल. आणि मुलाखत त्यासाठीच घ्यायची असते.