नवाचा फरक

३१ मार्चच्या सकाळी सात वाजता आमच्या गोदामात पोहे-जलेबी यायची. मोठा कागद अंथरायचा, त्यावर शेव सांडायची, आणि हम्मालांपासून शेठजींच्या धाकट्या मुलापर्यंत सगळे उकिडवे बसून खायचे. आठ वाजता शटर अर्धं खाली. मग वर्षभराचा माल मोजायचा. रंगपंचमी नुकतीच होऊन गेली असेल तर मोजणाऱ्यांच्या नखांत अजून रंग असायचा आणि नोंदीच्या कागदावर गुलाबी बोटं उमटायची. असा एक कागद माझ्याकडे परवापर्यंत होता.

गोदाम औषधांचं, घाऊक. तिथे मी आधी कारकून होतो, पुढे स्टोअरकीपर झालो. मुनीमजी माझ्याआधीचे, सियागंजातल्या किराण्याच्या पेढीवरून आलेले. ते सांगायचे की त्यांच्या पेढीचं वर्ष दिवाळीला संपायचं. वहीपूजनाच्या आधी गोण्या मोजायच्या, की झालं. प्राप्तिकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपायला लागलं ते १९८९ पासून. तेव्हापासून मोजणी ऐन उन्हाच्या तोंडावर आली. पत्र्याच्या गोदामात शिडीवर चढून खोकी उतरवताना दिवाळीची थंडी किती मोलाची होती ते कळायचं, असं मुनीमजी म्हणत.

मोजायची रीत ठरलेली होती. दोघांची जोडी. एकजण रॅकसमोर, दुसरा स्टॉक रजिस्टर घेऊन स्टुलावर. रजिस्टरवाला ओरडायचा, ‘‘चाळीस?’’ रॅकवाला दोन डबे हलवायचा आणि म्हणायचा, ‘‘हो, चाळीस.’’ सकाळी तो खरोखर मोजायचा. दुपारी चारनंतर, पाठ भरून आल्यावर, नुसती मान हलायची. आकडा आधीच कानावर पडलेला असला की डोळे तोच आकडा शोधतात. हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण दोन दिवसांत सहा हजार नग-नावं उरकायची होती आणि २ एप्रिलला बिलं फाडायची होती.

त्यातून शटर अर्धं खाली म्हणजे अर्धं वर. एम. वाय. हॉस्पिटलकडून कुणी घामाघूम माणूस चिठ्ठी घेऊन यायचा, इंजेक्शन हवं असायचं. त्याला परत कसं पाठवणार? मुनीमजी माल काढून द्यायचे, बिल नंतर. हे ‘नंतर’ कधी उजाडायचं, कधी नाही. शिवाय आदल्या संध्याकाळी ट्रान्सपोर्टची गाडी येऊन गेलेली असायची. खोकी आत, बिल अजून ट्रान्सपोर्टवाल्याच्या खिशात. म्हणजे रॅकवर माल आहे, वहीत नाही. उलट गिऱ्हाइकाचं बिल फाटलेलं आणि खोकं दाराशी पडलेलं, ते आम्ही आपलं म्हणून मोजून टाकायचो. मोजणीचे निम्मे फरक हे मोजणीनेच जन्माला घातलेले असत.

शेवटी बेरीज. एका वर्षीचे आकडे मला पाठ आहेत, कारण ते मीच लिहिले होते. तूट १ लाख ८४ हजार, वाढावा १ लाख ७६ हजार, निव्वळ फरक ८ हजार. दोन कोटींच्या मालावर आठ हजार! शेठजी खूश झाले, रात्री सराफ्यात सगळ्यांना गराडू खाऊ घातले. गराडू थंडीतला पदार्थ, मार्चअखेरचे ते शेवटचे असावेत. खाताना मला ते घशाखाली उतरेनात. वही आणि रॅक यांत ३ लाख ६० हजारांची गफलत होती, ती वजा-अधिक होऊन आठ हजारांवर आली होती. रक्तदाबाची गोळी कमी आणि खोकल्याचं औषध जास्त, म्हणून दुकानदाराची मागणी थोडीच भागते? आम्ही तुटीला ‘घट’ असं नाव देऊन एका ओळीत मिटवून टाकलं. फरक कुठून आला ते शोधायला वर्षभराची बिलं उपसावी लागली असती. कोण उपसणार?

आता माझी भाची देवास नाक्यावरच्या एका मोठ्या औषध-गोदामात स्टॉक सांभाळते. ‘सायकल काउंट’ हा शब्द मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, स्टँडवरच्या सायकली मोजतात. ती इतकी हसली की चहा सांडला. सायकल म्हणजे चक्र. सगळा माल एकदम न मोजता रोज थोडा मोजायचा आणि असं करत वर्षात सगळ्यावरून फिरायचं.

तिचा हिशेब सोपा आहे. तिच्याकडेही सहा हजारांच्या आसपास नावं. त्यातल्या सहाशेंवर धंद्याचा बहुतेक पैसा फिरतो, ती ‘अ’ गटात. पुढची चौदाशे ‘ब’ आणि उरलेली चार हजार ‘क’. ‘अ’ दर महिन्याला, ‘ब’ तीन महिन्यांनी, ‘क’ वर्षातून एकदा. गुणून पाहिलं तर वर्षाला १६,८०० मोजण्या होतात, आणि तीनशे कामाच्या दिवसांत वाटल्या तर रोज छप्पन. दोन माणसं, सकाळी बिलिंग सुरू व्हायच्या आधी दीड तास. हे अ-ब-क गट नवे नाहीत. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ते मांडले होते. आमच्या मुनीमजींनी डिकींचं नाव ऐकलं नव्हतं, पण महाग इंजेक्शनांच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधून तेही दर शनिवारी ते कपाट मोजायचेच.

मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. तिच्या मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर आकडाच नसतो. जागा, नाव, बॅच, आणि पुढे रिकामी चौकट. मोजायचं आणि लिहायचं. ‘‘चाळीस?’’ म्हणून ओरडायला कुणी नाही.

मागच्या पावसाळ्यातली एक सकाळ तिने मला सांगितली. ‘अ’ गटातली एक रक्तदाबाची गोळी. संगणकात ३४० पत्ते, रॅकवर ३१३. सत्तावीस कमी. तिने आधी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतलं, तेवढेच निघाले. शेजारची खणं पाहिली, दाराशी बांधून ठेवलेला माल पाहिला, परत आलेल्या मालाची टोपली पाहिली. काही नाही. मग घरी आल्यावर मला म्हणाली, ‘‘मामा, सत्तावीस कुठे जातात?’’

सत्तावीस ऐकल्याबरोबर मला मुनीमजी आठवले. वहीचा मेळ बसला नाही की ते फरकाला आधी नवाने भागून पाहायचे. भाग गेला तर म्हणायचे, ‘‘कहीं अंक पलटा है.’’ ५४ चे ४५ लिहिले की फरक नऊ, ८२ चे २८ लिहिले की चोपन्न. अंकांची अदलाबदल झाली तर फरक नवाच्याच पाढ्यात पडतो. म्हणून मी तिला म्हटलं, कुठे तरी आकडा उलटा लिहिलाय.

तिने दुसऱ्या दिवशी पाहिलं, उलटा आकडा कुठेच नव्हता. पण नऊ तिच्या डोक्यात राहिला. या गोळीच्या एका डब्यात दहा पत्ते असतात. तीन डबे म्हणजे तीस पत्ते. कुणी तीन डबे उचलले आणि बिलात तीन पत्ते लागले, तर संगणक तीन वजा करणार आणि रॅकवरून तीस जाणार. फरक सत्तावीस. दहाच्या डब्यात डबा-पत्त्याची चूक झाली की तीही नवाच्या पाढ्यातच येते! मुनीमजींना हे सांगायला हवं होतं.

ही गोळी आधी बावीस दिवसांपूर्वी मोजली होती, तेव्हा बरोबर भरली होती. म्हणजे चूक त्या बावीस दिवसांतलीच. तेवढ्यात या गोळीची बिलं एकोणीस. त्यांत ‘३’ असा आकडा असलेली फक्त दोन. पहिला दुकानदार म्हणाला, तीन पत्तेच आले. दुसरा महूचा. फोनवर म्हणाला, ‘‘हाँ, तीन डिब्बे आए थे, मैं तो खुद बोलने वाला था.’’ बोलणार होता की नव्हता ते देव जाणे, पण सुधारलेलं बिल त्याने मान्य केलं. सत्तावीस पत्त्यांचे पैसे आले.

भाची तिथे थांबली नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. ऑर्डर फोनवरून आली होती, ‘‘तीन भेज दो.’’ बिल करणाऱ्याने पत्ते समजले, माल काढणाऱ्याने डबे. या गोळीची नोंद संगणकात पत्त्यावर होती आणि रॅकच्या पट्टीवर डब्यावर. तिने पट्ट्या बदलल्या आणि माल काढायच्या चिठ्ठीवर आकड्यापुढे एकक छापायला लावलं. आम्ही असते तर? ३१ मार्चला सत्तावीस पत्ते घटीत गेले असते आणि रॅकवरची पट्टी तशीच राहून वर्षभर आणखी चुका करवत बसली असती.

अर्थात नुसतं रोज मोजून काही होत नाही. तिच्या आधीचा माणूस फरक दिसला की संगणकातला आकडा रॅकप्रमाणे करून मोकळा व्हायचा. एका औषधाचे वीस पत्ते आज कमी केले, आठ दिवसांनी तेच चुकीच्या खणात सापडले म्हणून वाढवले. कागदावर दोन दुरुस्त्या आणि मधले आठ दिवस गिऱ्हाइकाला ‘नाही’. तिचा हिशेबही रुपयांत नसतो. शंभर मोजणीत किती नावं तंतोतंत जुळली, एवढंच ती पाहते. वजा-अधिकचे आठ हजार तिच्याकडे दडू शकत नाहीत.

जुन्या मोजणीचं एक मात्र मान्य करायला हवं. तेव्हा प्रत्येक कोपरा उघडला जायचा. जिन्याखाली, पंख्याच्या मोडक्या जाळीमागे, मुदत संपलेल्या सिरपची अख्खी पेटी एकदा आम्हाला सापडली होती. वहीत ती शून्य होती. नावं घेऊन मोजणारा माणूस शून्याच्या नावाकडे फिरकतच नाही. म्हणून भाची रोजच्या छप्पनांबरोबर दोन-चार रिकामी खणंही घालते. आणि ऑडिटर? त्यांना वर्षाअखेरीच्या दिवशीच सगळं मोजलेलं हवं असा हट्ट नसतो. रोजच्या मोजणीचे कागद आणि दुरुस्त्यांची कारणं नीट असली, तर ते स्वतः काही नावं मोजून पाहतात आणि मोजणीची तारीख ते ३१ मार्च यांमधली आवक-जावक तपासतात. पण जिथे नोंदींची आधीच माती झालेली आहे तिथे एकदा शटर पूर्ण पाडून सगळं मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. भाचीनेही पहिल्या वर्षी तेच केलं.

गेल्या ३१ मार्चला मी मुद्दाम तिच्या गोदामात गेलो. शटर वर, बिलिंग चालू, गाड्या लागलेल्या. पोहे नव्हते. मी हळहळलो तशी तिने माझ्या हातात कागद दिला. ‘‘मामा, हे एक खण मोजा.’’ रिकाम्या चौकटीत मी ४६ लिहिले. तिने संगणकाकडे पाहिलं, आकडा काही सांगितला नाही. म्हणाली, ‘‘पुन्हा मोजा.’’

चष्मा पुसला, डबे बाहेर काढले. मागच्या पट्टीला चिकटून दोन पत्ते उभे होते. अठ्ठेचाळीस. तिने खूण केली आणि कागद उलटून पुढच्या खणाकडे गेली.